नकाशावरचे चौकोन मोजून शिवाराचे हेक्टर कसे काढायचे

पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटाच्या ज्या पट्ट्यात मांजरा उगम पावते तिथल्याच एका नाल्यावर, पाझर तलावाची जागा बघायचं काम मला पहिल्यांदा मिळालं. नाल्याचं पाणलोट किती, एवढाच प्रश्न होता. टोपोशीटवर ट्रेसिंग ठेवून हद्द काढली, ग्राफ पेपरवर चौकोन मोजले, गुणाकार केला आणि ऐटीत सांगितलं, "७७५ हेक्टर." आमच्या कामावरचे अण्णा कागदाकडे न बघताच म्हणाले, "बाबा, या नाल्यात उन्हाळ्यात बैलगाडी आडवी लावली तर दोन्ही काठ बुजतात. एवढं पाणलोट असतं, तर गावानं याला नाला म्हटलं नसतं, नदी म्हटलं असतं."

खरा आकडा होता साधारण ३९० हेक्टर. मी बरोबर दुप्पट काढला होता. मोजणी ठीक होती. चुकला होता तो वर्ग. नकाशाचं प्रमाण लांबीचं असतं, आणि मी ते क्षेत्रफळाला एकदाच लावलं होतं. या कामात नवा येणारा जवळजवळ प्रत्येक जण ही चूक एकदा तरी करतो, म्हणून तीच गाठ मधे ठेवून पुढची रीत सांगतो.

आधी एका चौकोनाचा हिशेब

टोपोशीटचं प्रमाण १:५०,००० असतं. म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०,००० सेंटिमीटर, अर्थात ५०० मीटर. इथपर्यंत कुणी अडत नाही.

आता कागदावर १ सेंमी बाजूचा चौकोन काढा आणि त्याच्या कडेनं शिवारात चालतोय अशी कल्पना करा. एका बाजूनं ५०० मीटर चाललात. कोपऱ्यावर वळलात, आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा ५०० मीटर चालावं लागलं. आत जमीन किती? ५०० गुणिले ५००, म्हणजे २,५०,००० चौरस मीटर. हेक्टर १०,००० चौरस मीटरचा, म्हणून हे झाले २५ हेक्टर. प्रमाण दोन वेळा लागलं, कारण चौकोनाला दोन बाजू आहेत.

यातून एक छोटं सूत्र निघतं. कुठलंही प्रमाण असलं तरी ते चालतं:

```
हेक्टर = चौ.सेंमी × (प्रमाण ÷ १०,०००) × (प्रमाण ÷ १०,०००)
```

५०,००० ला १०,००० नं भागलं की ५, आणि पाच पंचे पंचवीस. गाव नकाशा १:१०,००० चा असेल तर १ चौ.सेंमी म्हणजे नेमका १ हेक्टर, गुणाकाराची गरजच नाही. १:५,००० चा असेल तर पाव हेक्टर, म्हणजे २५ आर. गंमत बघा, ५,००० आणि ५०,००० मध्ये फरक दहापट आहे, पण पाव हेक्टर आणि पंचवीस हेक्टर यांत शंभरपट.

माझी चूक लपली कशी, तेही सांगतो. माझ्या मोजणीत १५.५ चौ.सेंमी आले होते. मी म्हटलं, १ सेंमी म्हणजे अर्धा किलोमीटर, मग १५.५ गुणिले ०.५, म्हणजे ७.७५ चौरस किलोमीटर, म्हणजेच ७७५ हेक्टर. आकडा दिसायला अगदी शहाणासुरता होता. हाच घोळ मीटरमध्ये केला असता तर १५.५ गुणिले ५००, म्हणजे ७,७५० चौरस मीटर आले असते. जेमतेम पाऊण हेक्टर. तीन किलोमीटर लांबीच्या नाल्याचं पाणलोट पाऊण हेक्टर, हे वाचून मलाच हसू आलं असतं आणि चूक तिथंच सापडली असती. किलोमीटरमध्ये केलेली चूक मात्र खऱ्यासारखा चेहरा घेऊन येते.

त्याहून फसवा नकाशा म्हणजे १:१,००,००० चा. तिथं १ सेंमी म्हणजे १ किलोमीटर, आणि एकाचा वर्ग एकच. वर्ग करा नाहीतर विसरा, उत्तर बरोबरच येतं. अशा नकाशावर हात बसलेला माणूस टोपोशीटवर आला की न चुकता दुप्पट आकडा काढतो, आणि आजवर आपलं कधी चुकलं नाही म्हणून त्याला शंकाही येत नाही.

हद्द काढणं

मोजणीआधी हद्द नीट हवी. बांधाची जागा नाल्यावर टिंब देऊन पक्की करा. ट्रेसिंग पेपर नकाशावर चिकटवा, हलता कामा नये. त्या टिंबापासून दोन्ही काठांनी माथ्याकडे चढत जा. रेषा समोच्च रेषांना काटकोनात कापत गेली पाहिजे. समोच्च रेषांचं टोक जिथं चढाकडे वळतं तिथं ओहोळ असतो, आणि जिथं उताराकडे वळतं तिथं धार असते. आपल्याला धारेवरून जायचं आहे, म्हणून वाटेत एकही निळी रेषा ओलांडली जाता कामा नये. ओलांडली तर समजा, शेजारच्या नाल्याचं पाणी आपण चोरलं किंवा आपलं त्याला दिलं.

मराठवाड्यात डोंगराच्या भागात हे सोपं जातं. अवघड जातं ते वरच्या सपाट माळावर. टोपोशीटवर दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो. माळावर या रेषा इतक्या लांब लांब असतात की माथा नेमका कुठं, ते कागद सांगत नाही. तिथं एकदा पायी जायलाच हवं, शक्यतो चांगला पाऊस पडून गेल्यावर. एखाद्या सडकेच्या कडेची चारी अख्ख्या माळाचं पाणी पलीकडच्या ओढ्यात घालत असते, आणि नकाशाला त्याचा पत्ता नसतो. बांधावरच्या माणसाला विचारलं तर तो हात करून दाखवतो, "इथपर्यंतचं आपल्याकडं येतं, तिथून पुढचं तिकडं जातं."

हद्दीची रेषा टोकदार पेन्सिलीनं काढा. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ टोपोशीटवर २५ मीटर रुंद असते. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मोजणी

ट्रेसिंग आता ग्राफ पेपरवर ठेवा. चौकोन कुठला घ्यायचा? एक सेंटिमीटरचा फार मोठा होतो, एक मिलिमीटरचे मोजताना डोळे फिरतात. मी अर्ध्या सेंटिमीटरचा, म्हणजे ५ मिलिमीटरचा घेतो. तिथंही वर्गाचा काटा आहेच. अर्ध्या सेंमीचे चौकोन एका चौ.सेंमीत दोन बसत नाहीत, चार बसतात. म्हणजे टोपोशीटवर असा एक चौकोन २५ चा निम्मा नव्हे, चौथा हिस्सा, ६.२५ हेक्टर. पडताळून बघा: ५ मिलिमीटर म्हणजे २५० मीटर, आणि २५० गुणिले २५० म्हणजे ६२,५०० चौरस मीटर.

मोजताना आधी पूर्ण आत असलेले चौकोन मोजा आणि प्रत्येकात टिंब देत चला. टिंब दिलं नाही तर एखादी ओळ दोनदा मोजली जाते, विशेषतः कुणी मधेच चहा विचारला तर. मग हद्दीनं कापलेल्या चौकोनांकडे वळा. अर्ध्याहून जास्त भाग आत असेल तो एक धरा, कमी असेल तो सोडा. नेमका अर्धा वाटला तर अर्धा धरा. कापलेले सगळेच चौकोन पूर्ण धरायचे किंवा सगळेच सोडायचे, असं करू नका. पाणलोटाच्या कडेला असे चौकोन थोडेथोडके नसतात.

पाटोद्याच्या त्या नाल्याचीच मोजणी घ्या. पूर्ण चौकोन ४३ होते. कापलेले ३८, त्यांतले अर्ध्याहून जास्त आत असलेले १८. एकूण ६१. मग अण्णांनी ट्रेसिंग थोडं तिरकं फिरवायला लावलं आणि पुन्हा मोजायला सांगितलं. या वेळी पूर्ण ४२ आणि काठाचे २१, मिळून ६३. तिसऱ्यांदा ४४ आणि १८, मिळून ६२. हे फिरवणं महत्त्वाचं आहे. त्याच जागेवर ठेवून दहा वेळा मोजलं तर दहाही वेळा काठाचे तेच चौकोन तशीच फसवणूक करतात. कागद हलवला की चूक कधी इकडे, कधी तिकडे पडते आणि सरासरीत बरीचशी निघून जाते.

तिघांची सरासरी ६२. ६२ गुणिले ६.२५, म्हणजे ३८७.५ हेक्टर. तीन मोजण्यांमध्ये पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर चौकोन लहान घ्या किंवा कुठं गळती झाली ते शोधा. इथं सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त यांत दोन चौकोनांचा, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास फरक होता. चालण्यासारखा.

वर्ग विसरलो नाही ना, हे ओळखायची युक्ती

गुणाकार झाल्यावर एक ढोबळ पडताळणी उलट्या वाटेनं करायची. आधी लांबी जमिनीच्या मापात बदलायची, मग क्षेत्र काढायचं. या वाटेनं वर्ग आपोआप होतो, विसरायला जागाच राहत नाही.

आपल्या नाल्याचं पाणलोट कागदावर ६.१ सेंमी लांब होतं आणि सरासरी रुंदी २.६ सेंमी वाटत होती. रुंदी तीन-चार ठिकाणी पट्टी ठेवून बघायची, फार बारकाई नको. जमिनीवर लांबी ३.०५ किलोमीटर, रुंदी १.३ किलोमीटर. दोन्हींचा गुणाकार ३.९७ चौरस किलोमीटर. एक चौरस किलोमीटर म्हणजे १०० हेक्टर (हजार नव्हेत, ही आणखी एक ठरलेली चूक), म्हणून साधारण ३९७ हेक्टर. चौकोनांनी ३८७ सांगितले होते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत. माझे ७७५ या पडताळणीसमोर एक मिनिट टिकले नसते.

ही दुप्पट चूक कागदावरच राहत नाही. एका हेक्टरवर १ मिलिमीटर अपधाव म्हणजे १० घनमीटर पाणी. समजा वर्षाला ७० मिलिमीटर पाणी वाहून येईल असं धरलं, तर ३८७.५ हेक्टरांतून सुमारे २ लाख ७१ हजार घनमीटर येतं. ७७५ धरले तर ५ लाख ४२ हजार. त्या आकड्यावर तलाव बांधला तर भिंत उंच होते, जास्त जमीन संपादनात जाते, आणि तलाव चांगल्या पावसातही अर्धाच भरतो. गाव मात्र म्हणत राहतं की तलाव गळतो. चूक उलट्या दिशेनं झाली, म्हणजे पाणलोट कमी निघालं, तर सांडवा अपुरा पडतो आणि एखाद्या मोठ्या पावसात पाणी भिंतीवरून जातं. मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की भिंत राहत नाही.

झेरॉक्सची खोड

त्याच नाल्याचं पाणलोट आमच्यातल्या दुसऱ्या एकानं वेगळ्या प्रतीवरून मोजलं. त्याचे चौकोन ५७ आले, म्हणजे ३५६ हेक्टर. हद्द तीच, ग्राफ तोच, तरी तीसेक हेक्टर गायब. त्याची प्रत झेरॉक्स होती, आणि दुकानदारानं कागदात बसवायला ती जराशी लहान केली होती.

नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं "१:५०,०००" हे अक्षर आहे. प्रत लहान झाली तरी ते तसंच राहतं आणि खोटं बोलू लागतं. खरं बोलते ती खाली छापलेली प्रमाणपट्टी, कारण नकाशाबरोबर तीही आकसते. म्हणून कुठलीही प्रत हातात आली की पहिलं काम पट्टी लावून प्रमाणपट्टी मोजायचं. ५ किलोमीटरची लांबी १:५०,००० वर बरोबर १०० मिलिमीटर भरली पाहिजे. त्याच्या प्रतीवर ९६ भरली.

इथं पुन्हा वर्ग येतो. लांबी ९६ टक्के झाली, म्हणजे क्षेत्र ०.९६ गुणिले ०.९६, म्हणजे ०.९२ टक्के नव्हे, ९२ टक्के झालं. चार टक्क्यांची आकसलेली प्रत क्षेत्रात जवळजवळ आठ टक्के खाते. त्याचे ३५६.२५ हेक्टर ०.९२१६ नं भागले की ३८६.६ येतात, आणि आमचे आकडे जुळले. संगणकावरून पीडीएफ छापतानाही हेच होतं. छपाईच्या चौकटीत `Fit` निवडलेलं असेल तर नकाशा आकसतो, `Actual size` हवं. ए३ चा नकाशा ए४ वर आणला तर लांबी सुमारे ७१ टक्के होते आणि क्षेत्र निम्मं.

कापताना प्रमाणपट्टीच गेली असेल तर अक्षांशाच्या रेषा वापरा. आपल्या भागात ५ मिनिटांचं अक्षांशीय अंतर सुमारे ९.२२ किलोमीटर आहे, म्हणजे १:५०,००० वर साधारण १८.४ सेंटिमीटर. हे उत्तर-दक्षिण मोजायचं. रेखांशाच्या रेषांमधलं पूर्व-पश्चिम अंतर याहून कमी असतं, ते घेऊ नका. जुन्या कागदात आडवा आणि उभा आकस वेगवेगळा असू शकतो. मग एकाच संख्येचा वर्ग न करता दोन्ही दिशांच्या संख्यांचा गुणाकार करा.

गाव नकाशावर मोजताना

टोपोशीट मोठ्या पाणलोटाला बरी. शेततळ्याला येणारं १० हेक्टरांचं पाणलोट त्यावर ४० चौरस मिलिमीटर भरतं, नखाहून लहान. तिथं पेन्सिलीच्या रेघेतच दीड-दोन हेक्टर जातात. अशा वेळी गाव नकाशा घ्या.

गाव नकाशाची प्रत तलाठ्याकडून किंवा कुणाच्या तरी कपाटातून आलेली, चार वेळा झेरॉक्स झालेली असते. पण तिथं प्रमाणपट्टीहूनही चांगला साक्षीदार मिळतो, तो म्हणजे सातबारा. नकाशावरचा एक बऱ्यापैकी मोठा, सरळ हद्दींचा गट निवडा आणि त्याचे चौकोन मोजा. समजा सातबाऱ्यावर त्या गटाचं क्षेत्र ४ हेक्टर २० आर आहे आणि नकाशा १:५,००० चा. मग कागदावर १६.८ चौ.सेंमी भरायला हवेत. भरले १५.४, तर प्रत आकसलेली आहे. लांबीच्या भानगडीत न पडता सरळ ४.२० ला १५.४ नं भागा: १ चौ.सेंमी म्हणजे ०.२७३ हेक्टर. त्या प्रतीवर पुढं हाच आकडा लावायचा. वर्ग त्यात आधीच मुरलेला आहे. एकाच गटावर विसंबू नका, दोन-तीन गट बघा. सातबाऱ्याचं क्षेत्र आणि नकाशावरचा आकार यांचंच न जमणारा एखादा गट प्रत्येक गावात असतो.

यात दोन खाचा आहेत. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराब वेगळे लिहिलेले असतात. नकाशावरच्या गटाच्या हद्दीत पोटखराबही असतं, म्हणून दोन्हींची बेरीज घ्यायची. आणि दुसरी खाच बोलण्यातली. हेक्टर-आरमध्ये ४.२० म्हणजे खरोखरच चार पूर्णांक वीस शतांश, कारण १०० आरांचा हेक्टर. पण गावातले म्हातारे लोक "चार एकर वीस" म्हणतात तेव्हा ते चार एकर वीस गुंठे असतात, आणि ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे साडेचार एकर. ते ४.२० म्हणून गणकयंत्रात घातलं की बारा गुंठे गेले.

आकडा लिहिताना

३८७.५ असं लिहू नका. पाणलोटाचा घेर कागदावर १६ सेंमी होता. हद्द सगळीकडे पाव मिलिमीटर बाहेर गेली असेल तर ४० चौरस मिलिमीटर वाढले, म्हणजे १० हेक्टर. पेन्सिलीचा हा दोष असताना दशांशाला अर्थ राहत नाही. "सुमारे ३९० हेक्टर" पुरे. डोंगराच्या चढामुळे खरी जमीन जास्त असेल, अशी शंका काही जण काढतात. नकाशा आडवं क्षेत्र दाखवतो आणि पाऊसही आडव्या क्षेत्रावरच मोजला जातो, म्हणून ती दुरुस्ती करायचीच नाही. एरवीही दहा टक्के उतारावर तो फरक अर्ध्या टक्क्याचा असतो.

ट्रेसिंगच्या कोपऱ्यात मात्र सगळं लिहून ठेवा: छापलेलं प्रमाण, प्रमाणपट्टी मोजून किती भरली, चौकोन किती मिलिमीटरचा, एक चौकोन किती हेक्टरांचा, तिन्ही मोजण्या आणि तारीख. दोन वर्षांनी कुणी विचारतं, "हे ३९० आले कुठून?" तेव्हा तो कोपरा उपयोगी पडतो. माझ्या त्या पहिल्या ट्रेसिंगवर नुसतं "७७५" लिहिलेलं होतं, आणि ते कसं आलं हे शोधायला अण्णांना अर्धी दुपार लागली.